प्लासिबो गटाला बरं वाटलं म्हणजे काय?

प्रिय सुधीर,

तुझं पत्र आणि सोबतचं कात्रण दोन्ही मिळालं. अर्धशिशीच्या नव्या औषधाच्या बातमीत 'प्लासिबो घेणाऱ्यांपैकीही बऱ्याच जणांचं दुखणं कमी झालं' या वाक्याखाली तू लाल रेघ मारलीस आणि बाजूला लिहिलंस, "मग साखरेची गोळीच का देत नाहीत?" चाचण्यांच्या आकडेमोडीत माझी इतकी वर्षं गेली, पण एवढ्या थोडक्यात कुणी मला पेचात पकडलं नव्हतं.

आधी शब्दाचं बघू. प्लासिबो हे लॅटिन क्रियापद आहे, अर्थ 'मी खूश करीन'. रोग्याचं समाधान व्हावं म्हणून दिलेलं औषध, असा त्याचा जुना वापर. बातमीदार त्याचं 'खोटी गोळी' करतात आणि मग कुणीतरी कुणाला तरी फसवतंय असं वाटू लागतं. चाचणीत तसं नसतं. भाग घेणाऱ्याला आधीच सांगून त्याची संमती घेतात, की तुम्हाला औषध मिळेल किंवा हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी मिळेल. कुणाला काय द्यायचं ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं आणि बहुतेक चाचण्यांत ते देणाऱ्या डॉक्टरलाही ठाऊक नसतं. लशीच्या चाचणीत त्या जागी बरेचदा नुसतं मिठाचं पाणी टोचतात. म्हणजे इथे प्लासिबो कुणाला खूश करायला नसतो, तुलनेसाठी असतो.

आता तुझी लाल रेघ. 'प्लासिबो गटाला आराम पडला' आणि 'प्लासिबोने आराम पडला' ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि बातमी लिहिताना एकाचं दुसरं कधी होतं ते लिहिणाऱ्यालाही कळत नाही. माणूस चाचणीत नाव कधी घालतो? दुखणं असह्य झालं की. अर्धशिशी चढते आणि उतरते. अगदी शिखरावर असताना मोजायला सुरुवात केलीस, तर पुढचा आकडा बहुधा कमीच येणार, गोळी घे नाहीतर घेऊ नकोस. प्लासिबो गटाच्या आरामात हा आपोआपचा उतारही मिसळलेला असतो. तो वेगळा काढायचा तर तिसरा गट लागतो, ज्याला काहीच दिलं नाही असा. बहुतेक चाचण्यांत तो नसतो, कारण त्यांना फक्त औषध प्लासिबोपेक्षा सरस आहे का एवढंच बघायचं असतं.

पण दम्याच्या एका चाचणीत ही तुलना होती. ती 2011 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आली. रुग्ण थोडेच, शेवटपर्यंत टिकले 39. प्रत्येकावर आळीपाळीने चारही प्रकार केले: साल्ब्युटामॉलचा खरा पंप, औषध नसलेला पंप, टोचल्याचा नुसता आभास देणाऱ्या सुया, आणि चौथा प्रकार म्हणजे काहीच नाही, नुसतं बसवून ठेवलं. मग दोन गोष्टी मोजल्या. रुग्ण पहिल्या सेकंदात जोराने किती हवा बाहेर फुंकतो, हे यंत्राने. आणि स्वतःला किती बरं वाटतंय, हे त्यालाच विचारून.

यंत्राचा निकाल असा: खऱ्या पंपाने हवा सुमारे 20 टक्क्यांनी वाढली, बाकी तिन्हींत सुमारे 7 टक्क्यांनी. तिन्हींत! नुसतं बसून राहिलेल्यांचेही 7. बातमीत 'प्लासिबोने फुफ्फुसं 7 टक्के सुधारली' असं छापता आलं असतं आणि आकडा खोटाही नसता, पण त्यात प्लासिबोचं श्रेय जवळपास शून्य.

रुग्णांनी मात्र काय सांगितलं बघ. खऱ्या पंपाने सरासरी 50 टक्के सुधारणा वाटली, रिकाम्या पंपाने 45, सुयांनी 46 आणि काहीच न केल्यावर 21. या 45 मधून 21 वजा कर. उरलेले 24 ही त्या रिकाम्या पंपाची स्वतःची कमाई, आणि ती खरी आहे. माणसाला बरं वाटलं होतं, तो खोटं बोलत नव्हता. फक्त त्याच्या श्वासनलिका त्या मानाने उघडल्या नव्हत्या. मला भीती वाटते ती इथेच. दम्याच्या रुग्णाला बरं वाटतंय आणि नळ्या तशाच आवळलेल्या, तर मदत मागायला तो उशीर करील.

म्हणून तुझ्या साखरेच्या गोळीला माझं उत्तर दुखण्यागणिक बदलतं. अर्धशिशीत वेदना किती, हे सांगणारं यंत्रच नाही, रुग्णाचा शब्द हाच आकडा. तिथे प्लासिबो गटाचा आकडा मोठा दिसतो यात नवल नाही. पण त्यातला किती अपेक्षेमुळे आणि किती दुखणं आपसूक ओसरल्यामुळे, हे तुझ्या कात्रणावरून सांगता येणार नाही, कारण त्या चाचणीत दोनच गट होते. औषधाच्या बाबतीत मात्र ती अडचण येत नाही: आपसूक ओसरणं दोन्ही गटांत सारखंच, त्यामुळे दोन्ही आकड्यांतला फरक हा औषधाचा.

तो फरक बातमीत शेवटून दुसऱ्या परिच्छेदात लपलाय बघ. तिथे तू रेघ मारली नाहीस.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अनिल