कमी गुणांची सबब नको, काम दाखवा

संपादक महोदय,

परदेशातील पदव्युत्तर प्रवेशांवरच्या आपल्या पुरवणीतील लेखात, जीआरई या प्रवेशपरीक्षेचे गुण कमी असतील तर एसओपीमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या उद्देशपत्रात, त्याचे कारण प्रामाणिकपणे सांगावे, असा सल्ला दिला आहे. संख्याशास्त्र शिकवताना आणि शिफारसपत्रे लिहिताना असे बरेच मसुदे माझ्या हातून गेले आहेत, म्हणून या सल्ल्याशी असहमती नोंदवते. कारण वाचून प्रवेश समितीला गुण का घसरले ते कळते. उमेदवाराला गणित येते का, हा तिचा खरा प्रश्न मात्र तसाच राहतो.

जीआरईच्या गणिताच्या भागात 47 मिनिटांत 27 प्रश्न असतात. एका प्रश्नाला पावणेदोन मिनिटेही मिळत नाहीत. अंकगणित, बीजगणित, भूमिती आणि माहितीचे विश्लेषण एवढाच अभ्यासक्रम. कलनशास्त्र नाही, त्रिकोणमितीही नाही. तरीही 130 ते 170 या पट्टीवरचा तो आकडा समितीला सोयीचा वाटतो, कारण अनोळखी महाविद्यालयांच्या गुणपत्रिका एकमेकींशी ताडून पाहणे अवघड असते. तेव्हा त्याच्या जागी जे काही द्याल, त्यातून गणितच दिसले पाहिजे आणि ते दुसऱ्या कोणाला तरी पडताळता आले पाहिजे. ‘मी मेहनती आहे’ यात दोन्ही नाही.

प्राणिशास्त्राची एक विद्यार्थिनी जैवसंख्याशास्त्रासाठी अर्ज करत होती. गणितात 151 गुण, आणि तिने निवडलेल्या विभागाला गुण पाठवणे सक्तीचे. मसुद्यात लिहिले होते, ‘परीक्षेच्या आठवड्यात मला ताप होता, परंतु गणिताची मला लहानपणापासून आवड आहे.’ दोन्ही गोष्टी मी खोडायला लावल्या आणि तिच्या प्रकल्पाबद्दल विचारले. तिने सहा तळ्यांतून प्रत्येकी वीस माशांची वजने घेतली होती. तीन तळ्यांत सांडपाणी येत होते, तीन स्वच्छ होती. सगळे 120 मासे स्वतंत्र धरून दोन गटांच्या सरासरींची तुलना करणारी टी-चाचणी केली तेव्हा वजनांतला फरक ठळकपणे सार्थ, म्हणजे निव्वळ योगायोगाने सहसा न येणारा, निघाला. मग तिच्याच लक्षात आले की एका तळ्यातले मासे एकमेकांसारखे असतात, आणि सांडपाण्याचा परिणाम तपासायला खरी स्वतंत्र एकके सहाच आहेत. ‘आर’ या संगणकीय भाषेत मिश्र प्रतिमान बसवून तिने तळ्याला यादृच्छिक घटक केले, म्हणजे तळ्यातळ्यांतला फरक वेगळा हिशेबात धरला. फरकाचे विश्वास-अंतराल इतके रुंदावले की त्यात शून्य आले, म्हणजे फरक नसण्याचीही शक्यता उरली, आणि तिने अहवालाचा निष्कर्ष बदलला. एवढे सगळे मसुद्यात ‘डेटा विश्लेषणाचा अनुभव’ या तीन शब्दांत गाडले होते!

नवा परिच्छेद असा झाला: ‘माझ्या प्रकल्पात 120 मासे होते, पण स्वतंत्र तळी सहाच. हे लक्षात आल्यावर टी-चाचणी सोडून मी तळ्याचा परिणाम धरणारे मिश्र प्रतिमान वापरले, आणि आधी सार्थ वाटलेला फरक टिकला नाही. त्यामागचे गणित समजावे म्हणून रेषीय बीजगणिताचा जादा विषय घेऊन त्याची लेखी परीक्षा दिली. गुण गुणपत्रिकेत आहेत.’ जीआरईचा उल्लेख कुठेच नाही. आकडा अर्जात असतोच, तो पुन्हा सांगून वाचणाऱ्याचे बोट तिथे कशाला न्यायचे? प्रकल्पाच्या मार्गदर्शकांना मात्र तिने शिफारसपत्रात हाच प्रसंग लिहिण्याची विनंती केली. माझ्या मते निम्मे काम तिथे झाले. उमेदवार स्वतःविषयी जे सांगतो तेच शिक्षक स्वतंत्रपणे, तपशिलासह सांगतात तेव्हा ते पुरावा ठरते.

ऑनलाइन कोर्सच्या प्रमाणपत्रांची माळ लावण्याचे वेड अलीकडे फार आहे. ज्यात देखरेखीखाली परीक्षा नाही, त्या प्रमाणपत्राला मी तरी फारसे वजन देणार नाही.

विभागाने गुण ऐच्छिक ठेवले असतील तर कमी गुण पाठवूच नयेत आणि न पाठवल्याबद्दल खुलासाही करू नये. वरच्यासारखा परिच्छेद तेवढा ठेवावा. काही विभाग गुण स्वीकारतच नाहीत, तिथे तर विषयच संपला. आजारपण किंवा घरातले संकट खरोखर गंभीर असेल तर ते एका वाक्यात लिहावे. अर्जात ‘अधिक माहिती’ची वेगळी जागा असेल तर तिथेच.

या उपायाची मर्यादाही आपल्या वाचकांना कळावी. विद्यापीठाने किमान गुणांची अट घातली असेल, तर अर्ज विभागापर्यंत पोहोचण्याआधीच बाजूला पडू शकतो आणि उत्तम परिच्छेदही न वाचलेला राहतो. अशा वेळी शुल्क भरण्यापूर्वी विभागाच्या प्रवेश समन्वयकांना ईमेल करून अट शिथिल होते का, हे विचारावे. नकार आल्यास आणि मुदत शिल्लक असल्यास परीक्षा पुन्हा द्यावी. दोन प्रयत्नांत 21 दिवसांचे अंतर लागते, शिवाय अधिकृत निकाल यायला काही दिवस जातात, तेही हिशेबात धरावे.

आपली,
संख्याशास्त्राची एक प्राध्यापिका