फॉरमॅटिंगने ६९ जीबी खाल्लेले नाहीत

महोदय,

कालच्या पुरवणीत हार्ड डिस्क खरेदीबद्दलची चौकट वाचली. एक टीबीच्या डिस्कवर ९३१ जीबीच दिसतात, कारण बाकीचे ६९ जीबी ‘फॉरमॅटिंगमध्ये जातात’, आणि जास्तच वाटलं तर दुकानदाराला जाब विचारा, असा सल्ला आपण दिलात. वाचक आपलं किती ऐकतात ते पाहून आनंद झाला. आज सकाळी मी शटर वर करतोय तोवर एक गिऱ्हाईक कात्रण घेऊन पायरीवर हजर!

‘पैसे हजाराचे आणि माल नऊशे एकतीसचा?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. मी कॅल्क्युलेटर त्यांच्याच हातात दिला. खोक्यावरचा एक टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट. त्याला १०२४ ने भागा : ९७ कोटी ६५ लाख ६२ हजार ५००. परत १०२४ ने भागा : ९ लाख ५३ हजार ६७४. आणखी एकदा भागा : ९३१. यात फॉरमॅटिंग कुठे आलं? मग डिस्क जोडून तिचं Properties उघडून दाखवलं. तिथे Capacity च्या ओळीत दोन आकडे शेजारी शेजारी असतात. डावीकडे पूर्ण बाइट, तेरा अंकी, एक लाख कोटींच्या थोडे वरच. उजवीकडे 931 GB. फॉरमॅटिंगला लागलेली जागा वरच्या Used space च्या ओळीत वेगळी दिसते. कोऱ्या डिस्कवर ती काही शे एमबी असते, एक जीबीसुद्धा नाही.

गृहस्थांनी सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, ‘ते ठीक आहे हो, पण पेपरात छापलंय.’ यापुढे काय बोलणार? जुनं गिऱ्हाईक, पैसे परत दिले. सील फोडलेली डिस्क आता ना वितरक परत घेणार, ना कोणी नवी म्हणून विकत घेणार. आपल्या चौकटीची किंमत आत्ता माझ्या काउंटरवर पडून आहे.

चूक कोणाची असेल तर ती विंडोजची. मैलात मोजायचं आणि पाटीवर ‘किमी’ लिहायचं, असा तो प्रकार आहे. रॅमच्या चिपची क्षमता दुपटीदुपटीने वाढते, म्हणून संगणकवाल्यांना १०२४ चा हिशेब सोयीचा पडला आणि त्यालाही ते ‘किलो’च म्हणू लागले. केबीच्या पातळीवर फरक अडीच टक्क्यांच्या आत, म्हणून तेव्हा कोणाला टोचलं नाही. प्रत्येक पायरीला तो वाढत जातो आणि टीबीला दहा टक्क्यांच्या जवळ पोचतो. आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने १९९८ सालीच १०२४ वाल्या मापांना मेबिबाइट, गिबिबाइट अशी वेगळी नावं दिली. लिनक्सवरचे बरेच प्रोग्रॅम MiB, GiB असं लिहितात. ॲपलने २००९ पासून मॅकवर सरळ हजाराचा हिशेब धरला. तीच डिस्क तिथे लावली की एक टीबीच दिसते. विंडोज मात्र मोजतं गिबिबाइट आणि लिहितं GB. आता कंपन्या काही अगदी धुतल्या तांदळासारख्या नाहीत. अमेरिकेत यावरून दावे झाले, आणि सीगेटने २००७ मध्ये तडजोड म्हणून किमतीच्या पाच टक्के देऊ केले. पण तो वाद ‘एक जीबी = शंभर कोटी बाइट’ हे नीट सांगितलं की नाही याचा होता, जागा चोरल्याचा नव्हता.

खरी लबाडी जिथे होते, त्याबद्दल आपल्या चौकटीत एक ओळ नाही. मातीमोल भावात ‘दोन टीबी’चा पेन ड्राइव्ह मिळतो. त्याच्यावर आकडा अगदी बरोबर दिसतो, 1.81 TB, कारण आतल्या कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. आत चिप असते ३२ नाहीतर ६४ जीबीची. फाइल कॉपी होतात, नावंही दिसतात, आणि लग्नाचा व्हिडिओ उघडायला गेलं की उघडत नाही. H2testw नावाचा छोटा फुकट प्रोग्रॅम सगळा ड्राइव्ह भरून परत वाचून पाहतो, तेव्हा बिंग फुटतं. वेळ लागतो, रात्रभर लावून ठेवावा. जाब विचारायचा तर तिथे विचारा!

जाता जाता : त्याच पानावर खाली ‘१०० एमबीपीएसच्या जोडणीत सेकंदाला १०० एमबी उतरतात’ असंही छापलं आहे. ते मेगाबिट असतात. आठाने भागा, साडेबारा एमबी. हे कात्रण घेऊन शेजारचा केबलवाला कधी माझ्याकडे रडत येतो, याची वाट पाहतोय. दुरुस्ती छापणार असाल तर कृपया त्याच पानावर, तेवढ्याच टायपात छापा. नाट्यगृहाच्या जाहिरातीखाली नको.

आपला,
एक संगणक दुकानदार, मिरज