खडू खाली ठेवताना

प्रिय सखी,
सप्रेम नमस्कार.

काल आपल्या दहावीचा निरोप समारंभ झाला. तू येऊ शकली नाहीस, म्हणून मी काय बोलले ते सविस्तर लिहिते. चार पानी भाषण लिहून नेलं होतं, पण पहिल्या रांगेत नववीची नवी मॉनिटर बिल्ला मुठीत धरून बसलेली दिसली आणि पानं मिटली. तिच्या कामी येईल तेवढंच बोलावं असं वाटलं.

मी ऑफ तासाबद्दल बोलले. आठवतं ना, वर्षाच्या सुरुवातीला बाई आल्या नाहीत की मी मॉनिटर म्हणून फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायचे? दहा मिनिटांत वीस-बावीस व्हायची. इतकी नावं झाली की त्यांची भीती उरत नाही आणि लिहायला पाठ वळली की गलका आणखी वाढतो. एकदा तू शेवटच्या बाकावर सगळ्यांत मोठ्यानं हसत होतीस, तरी तुझं नाव मी गाळलं. वर्गानं ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी गृहपाठाच्या वह्या गोळा करायला गेले तर तीन बाकांनी दिल्याच नाहीत. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

तेव्हापासून काय बदललं, ते मी तिला सांगितलं. तास सुरू होताच फळ्यावर काम लिहायचं, उदाहरणार्थ कालच्या धड्यावरची पाच गणितं, आणि आपण मागच्या बाकांपाशी उभं राहायचं. हातात काम असेल तर कुजबुजही त्याचीच असते. आवाज एकदम चढला की ओळखायचं, गणितं संपली, पुढची द्यायची. तरीही कुणी ऐकलं नाही तर आधी जवळ जाऊन हळू सांगायचं, मग नाव. ती गप्प बसली तर तास संपण्याआधी तिच्यासमोरच पुसायचं. पण मारामारी झाली किंवा कुणी रडत असेल, तर ते आपण मिटवायचं नाही, सरळ शिक्षकांच्या खोलीत जायचं.

नंतर तिला बाजूला घेऊन वही दिली. कुणाला मागून फळा दिसत नाही, ते त्यात लिहिलंय. परिपाठात वाचायला उभं केलं की कुणाची बोबडी वळते, ते मात्र लिहिलं नाही, कानात सांगितलं.

तिनं विचारलं, "ताई, माझ्या मैत्रिणीचंच नाव लिहायची वेळ आली तर?" मी म्हटलं, लिही. पुढे एकदा मी तुझं लिहिलं तेव्हा तू चार दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस आणि ते चार दिवस मला फार जड गेले, हेही सांगितलं. पाचव्या दिवशी तूच डबा घेऊन माझ्या बाकावर आलीस, हे सांगताना मात्र माझा गळा दाटून आला.

आज प्रवेशपत्र आणायला शाळेत गेले होते. नववीचा ऑफ तास चालू होता. फळ्यावर पाच गणितं होती आणि ती मागे उभी होती. मी व्हरांड्यातूनच परतले.

तुझीच,
मैत्रीण