ज्ञानाला मालक नाही, मग पहिल्या पानावर नाव कोणाचे?

संपादक महोदय,

वर्गात वाटायच्या नोट्सबद्दल कालच्या अंकातले प्राचार्य महोदयांचे पत्र वाचले. कोणता उतारा कुठून घेतला हे विचारणे म्हणजे कोतेपणा, ज्ञानावर कोणाची मालकी नसते आणि न्यायालयानेही शिक्षकांना मोकळीक दिली आहे, असा त्यांचा एकूण सूर. पूर्ण आदर राखून विचारतो : मालकी नसते, तर त्याच नोट्सच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत 'प्रा. अमुक तमुक' कशासाठी छापलेले असते?

मी अर्थशास्त्र शिकवत असे. मागणीची लवचिकता शिकवताना मी एक उदाहरण देत असे आणि ते माझ्या नोट्समध्येही होते. समजा, गल्लीतल्या भाजीवाल्याकडे कांदा २० रुपयांवरून २५ रुपये किलो झाला आणि त्याची महिन्याची विक्री १००० किलोवरून ९०० किलोवर आली. किंमत २५ टक्के वाढली, मागणी १० टक्के घटली; १० ला २५ ने भागले की लवचिकता ०.४. कांदा महागला तरी लोक तो फारसा सोडत नाहीत, एवढेच दाखवायचे होते. खाली स्वच्छ लिहिले होते : 'आकडे काल्पनिक, फक्त गणितासाठी'.

निवृत्तीनंतर शेजारची एक मुलगी शंका घेऊन आली. तिच्या कॉलेजात मिळालेल्या हँडआउटमध्ये सूत्राने केले की उत्तर वेगळे येते आणि छापलेले उत्तर वेगळे. कागद हातात घेतला तर माझेच उदाहरण! फक्त गल्लीतला भाजीवाला गायब होऊन तिथे 'लासलगाव बाजारपेठेतील आकडेवारी' आली होती, आणि 'काल्पनिक' ही ओळ उडाली होती. लासलगावला एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत १००० किलोपेक्षा जास्त कांदा असतो, हे नाशिक जिल्ह्यात नोकरी करणाऱ्या माणसाला सांगावे लागावे! पण मुलांनी ते खरे मानून पाठ केले होते. का करू नये? छापील होते, वर सरांचे नाव होते.

आणि उत्तर का जुळेना, तेही सांगतो. उदाहरणाच्या आधीचा परिच्छेद एका पाठ्यपुस्तकातून उचललेला होता आणि त्यात मध्यबिंदू पद्धत दिली होती. त्या पद्धतीत बदलाला जुन्या आकड्याने न भागता जुन्या-नव्याच्या सरासरीने भागतात. म्हणजे मागणीतली १०० ची घट ९५० ने, किमतीतली ५ ची वाढ २२.५ ने. उत्तर येते ०.४७ च्या आसपास. माझे ०.४ हे साध्या शेकडेवारी पद्धतीचे. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. पण सूत्र एकीकडचे आणि उत्तर दुसरीकडचे, मधे शिवण दिसू नये म्हणून दोन्हींची नावे कापलेली. खाली 'पुस्तकातून' आणि 'अमक्यांच्या नोट्समधून' अशा दोन ओळी असत्या, तर त्या मुलीला मिनिटात कळले असते की आपले गणित चुकलेले नाही. ती आठवडाभर स्वतःलाच ढ समजत होती.

फोन केला. सद्गृहस्थ माझ्याच विभागात होते, नंतर दुसऱ्या कॉलेजात गेले. म्हणाले, ''सर, तुम्हीच तर पेन ड्राइव्हवर दिल्या होत्या. आणि नोट्स काय, विभागाच्याच असतात.'' खरे आहे, दिल्या होत्या, आनंदाने दिल्या होत्या. वापरल्याबद्दल तक्रार नाहीच. नोकरीत केलेल्या कामाची मालकी संस्थेची असते हेही वादापुरते मान्य. पण कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ प्राचार्य महोदयांनी जरूर वाचावे : मालकी दुसऱ्याला दिली तरी 'हे मी लिहिले' असे सांगण्याचा लेखकाचा हक्क राहतो.

न्यायालयाचा जो दाखला त्यांनी दिला, तो दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानाचा, २०१६ सालचा. तिथे ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांचे म्हणणे होते की आमच्या पुस्तकांतली पाने एकत्र बांधून विकायची तर परवाना घ्या, पैसे भरा. अध्यापनासाठी प्रती काढायला कलम ५२ खाली मुभा आहे, असे दिल्ली उच्च न्यायालय म्हणाले. फार चांगला निकाल, गरीब विद्यार्थ्यांच्या बाजूचा. पण तो प्रती काढण्याबद्दल आहे. लेखकाचे नाव खोडून आपले घाला, असे त्यात कुठे म्हटले आहे ते प्राचार्यांनी दाखवावे, मी जाहीर माफी मागेन.

यूजीसीची २०१८ ची वाङ्मयचौर्याची नियमावली तर प्रबंध, शोधनिबंध आणि पुस्तके यांच्याभोवतीच फिरते. विद्यार्थ्याच्या प्रबंधात किती टक्के साम्य निघाले ते आपण सॉफ्टवेअर लावून मोजतो; त्याला शिकवणाऱ्याची नोट्सची फाइल कोणी उघडूनही पाहत नाही. तीच फाइल पुढे 'ई-कंटेंट' म्हणून संकेतस्थळावर चढते आणि पदोन्नतीच्या अर्जात गुण मिळवून देते. नाव गाळण्यामागचे खरे कारण शोधायला मग फार लांब जावे लागत नाही.

करायचे काय, तर फार नाही. नियम, व्याख्या, सूत्र यांना नाव जोडायची गरज नाही. मागणीचा नियम काही माझा नाही. पण पुस्तकातला परिच्छेद जसाच्या तसा घेतला, तर तो अवतरणात टाकावा आणि लगेच खाली लेखक, पुस्तक, आवृत्ती, पान लिहावे. शेवटच्या पानावर 'संदर्भ : विविध पुस्तके' लिहिणे म्हणजे पत्त्याच्या जागी 'महाराष्ट्र' लिहून पत्र पेटीत टाकणे. सहकाऱ्याच्या नोट्स घेतल्या तर 'मूळ टिपण : अमुक, अमुक कॉलेज, साल' आणि त्याखाली 'बदल : उदाहरणातील गाव बदलले' एवढी ओळ. ही दुसरी ओळ मला पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते. नुसती पहिली असती तर लासलगाव माझ्या माथी बसले असते; दुसरी असली की ते सद्गृहस्थांच्या माथी जाते. आणि त्या सहकाऱ्याने स्वतःच एखाद्या पुस्तकावरून टिपण केले असेल, तर त्या पुस्तकाचेही नाव पुढे न्यावे, मधेच तोडू नये.

जाता जाता आपल्याकडेही बघा. आपल्या शिक्षण पुरवणीत परीक्षांच्या दिवसांत प्रश्नोत्तरे येतात आणि खाली लिहिलेले असते 'संकलन : प्रतिनिधी'. कोठून संकलन? ती उत्तरे बाजारातल्या गाइडातली आहेत, हे आमच्या भागातला दहावीचा पोरगाही सांगेल. प्राचार्यांचे पत्र आपण चौकटीत छापलेत, त्याचे मग आश्चर्य वाटले नाही.

नाव मात्र छापू नये. नावाचा आग्रह धरणाऱ्यानेच नाव झाकावे, हे विचित्र दिसते. पण माझ्या नावावरून विभाग आणि विभागावरून ते सद्गृहस्थ लगेच ओळखू येतील. त्यांना मी हँडआउट दुरुस्त करायला पुढच्या सत्रापर्यंत मुदत दिली आहे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, जि. नाशिक