मिनिमम ड्यू भरा, चार्ज लागणार नाही असं तुमच्याच माणसाने सांगितलं, मग हे व्याज कशाचं?

क्रेडिट कार्ड विभाग प्रमुख,

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसलेय. पुन्हा त्या नंबरवर फोन करणार नाही, आता जे काय ते लेखी द्या.

20 मे ला गोखले रोडवरच्या दुकानातून 40,000 चा फ्रीज कार्डावर घेतला. 12 जूनला स्टेटमेंट आलं, ड्यू डेट 2 जुलै, मिनिमम ड्यू 2,000. पगार लांबला होता म्हणून ड्यू डेटच्या आधी मुद्दाम फोन करून विचारलं की आत्ता पूर्ण भरता येत नाहीये, काय करू. तुमचा माणूस म्हणाला, "मॅडम मिनिमम भरून टाका, काही चार्ज लागणार नाही." मी 2 जुलैला 2,000 भरले. 5 जुलैला मुलाच्या क्लासची फी 10,000 त्याच कार्डावर भरली, कारण चार्ज लागणार नाही असंच सांगितलेलं ना.

12 जुलैचं स्टेटमेंट उघडलं तर व्याज 2,497 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 2,946. जेवढे भरले त्याच्यापेक्षा जास्त! मी स्वतः हिशोब केला. तुमचा रेट महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला 42. व्याज ड्यू डेटपासून नाही, फ्रीज घेतला त्या दिवसापासून लावलंय. 20 मे ते 2 जुलै, 43 दिवस, पूर्ण 40,000 वर, त्याचेच 1,979 झाले. पुढचे दहा दिवस उरलेल्या 38,000 वर 437. आणि क्लासच्या फीवर पहिल्या दिवसापासून, 81. मागचं बिल पूर्ण भरलं नाही की नव्या खर्चाचाही फुकटचा काळ जातो. मिनिमम भरल्याने फक्त लेट फी वाचते आणि खातं थकीत दाखवत नाहीत, व्याज एक दिवसही थांबत नाही. हे तुम्हाला माहितीये, तुमचाच प्रॉडक्ट आहे. मग फोनवर बसवलेल्या माणसाला का माहिती नाही? आणि माहिती असेल तर ते खोटं बोलणं झालं.

तरी मी भांडत न बसता 1 ऑगस्टला म्हणजे ड्यू डेटला 50,946 च्या 50,946 भरले. कार्ड कपाटात ठेवलं, एक रुपयाही वापरला नाही. 12 ऑगस्टला परत बिल, 1,303! 48,000 वर 12 जुलै ते 1 ऑगस्टचं वीस दिवसांचं व्याज आणि जीएसटी. बिल बनलं त्या दिवसापासून पैसे येईपर्यंतचं व्याज त्या बिलात धरलेलंच नसतं, ते पुढच्या बिलात येतं. मग जुलैच्या स्टेटमेंटवर एवढे भरले की खातं मिटेल असं वाटणारा "टोटल ड्यू" आकडा कशाला छापता, की अजून येणारेय हे कुणाला कळू नये म्हणून?

आजचं बोलणं तर ऐका. मी म्हटलं, पूर्ण भरलेत तर हे कसलं. म्हणे सिस्टिमने लावलंय. म्हटलं, कोणत्या रकमेवर किती दिवसांचं, दिवसवार हिशोब द्या. म्हणे तसा हिशोब आम्ही देत नाही. म्हटलं, जूनच्या कॉलचं रेकॉर्डिंग ऐका, तुमच्याच माणसाने चार्ज लागणार नाही सांगितलंय. त्यावर म्हणे, "मिनिमम भरलं तर व्याज लागणारच ना मॅडम." जूनमध्ये लागणार नाही, ऑगस्टमध्ये लागणारच! आणि वर, "तुम्हाला बिलिंग सायकल समजत नसेल तर मिस्टरांना फोन द्या, त्यांना समजावतो." मी वीस वर्षं ठाण्यात लोकांची अकाउंट्स लिहितेय हो. माझ्या घरचे हिशोब मीच बघते. हे बोलायची हिंमत कशी झाली? सुपरवायझर मागितला तर होल्डवर ठेवून कॉल कट केला.

मला जूनच्या कॉलचं रेकॉर्डिंग हवंय. दोन्ही बिलांच्या व्याजाचा दिवसवार हिशोब हवाय. रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्ड नियमांत न भरलेले चार्जेस आणि टॅक्स मुद्दलात मिसळून त्यावर व्याज लावायला मनाई आहे, तेव्हा जुलैचा जीएसटी ऑगस्टच्या रकमेत धरला की नाही तेही त्यात दिसलं पाहिजे. माझ्या हिशोबाने तरी धरलेला नाही, पण तुमच्या तोंडी शब्दावर आता विश्वास नाही. आणि 2,946 अधिक 1,303, असे 4,249 परत हवेत, कारण ते चुकीच्या माहितीमुळे लागलेत, जी मी आधीच विचारून घेतली होती.

पहिल्या पगारापासून माझं खातं तुमच्याकडे आहे, भावाचं कार्डही माझ्या शब्दावर काढलं, म्हणून जास्त राग येतोय. तीस दिवसांत लेखी उत्तर आलं नाही किंवा परत "सिस्टिमने लावलंय" आलं तर cms.rbi.org.in वर लोकपालांकडे तक्रार टाकणार, दोन्ही स्टेटमेंट्स आणि हे पत्र जोडून. त्या दिवशी कार्डही बंद करायला देणार.

तुमची कार्डधारक,
घोडबंदर रोड, ठाणे