चार शाळांतले चारशे म्हणजे चारशे नव्हेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या सीमाभागात बी.एड., समाजकार्य आणि नर्सिंगचे विद्यार्थी दरवर्षी शाळांमध्ये पाहण्या करतात. अहवालात नमुन्याचा आकडा बहुतेकदा ३८४ किंवा गोळाबेरीज ४०० असतो आणि खाली ‘कॉक्रनच्या सूत्रानुसार’ एवढाच खुलासा. सूत्र बरोबर आहे, पण ते जी अट धरून चालते ती अशा पाहण्यांत पाळलेली नसते. त्याबद्दल हे पत्र.

नमुना किती हवा, म्हणजे n, हे सांगणारे सूत्र असे आहे:

n = Z² × p × (1 − p) / d²

बेळगाव शैक्षणिक जिल्ह्यातील नववीची किती टक्के मुले सकाळी काही न खाता शाळेत येतात, हे काढायचे आहे असे धरू. ९५ टक्के खात्रीसाठी Z म्हणजे १.९६. p म्हणजे अपेक्षित प्रमाण. आधीची तशी पाहणी हाताशी नसेल तर ०.५ धरावे, कारण त्याला नमुना सर्वांत मोठा लागतो आणि आपण कमी पडत नाही. d म्हणजे चालू शकणारी चूक, इथे पाच टक्के, म्हणजे ०.०५. उत्तर येते ३८४.१६. नमुना नेहमी वरच्या पूर्णांकात घ्यायचा, म्हणून ३८५. ३८४ लिहिणे ही बारीक चूक, तिच्यावर वेळ घालवत नाही.

खरी गोम पुढे आहे. हे ३८५ विद्यार्थी जिल्ह्यातल्या सगळ्या नववीच्या यादीतून एकेक करून चिठ्ठीने निवडले, असे सूत्र धरून चालते. प्रत्यक्षात आपण चार शाळांची परवानगी काढतो आणि प्रत्येक शाळेतून शंभर जणांकडून फॉर्म भरून घेतो. जांबोटीकडच्या एका शाळेतली मुले त्याच दोन-तीन गावांतली, त्याच सकाळच्या बसने येणारी. बस साडेसातला असेल तर एकाच्या घरी जे घडते तेच शेजारच्याच्या घरी. त्यामुळे दहावा फॉर्म पहिल्याइतके नवीन सांगत नाही, शंभरावा तर फारच थोडे.

हे साम्य मोजायला इंट्राक्लास कोरिलेशन वापरतात आणि त्यावरून डिझाइन इफेक्ट, म्हणजे अशा निवडीत नमुना किती पट मोठा लागतो तो आकडा, काढतात: एका शाळेतल्या मुलांच्या संख्येतून एक वजा करा, त्याला कोरिलेशनने गुणा, एक मिळवा. कोरिलेशन ०.०५ धरले, तर शंभर मुलांसाठी १ + ९९ × ०.०५ = ५.९५. आता ४०० ला ५.९५ ने भागा. हाती येतात जेमतेम ६७. म्हणजे अहवालात ‘अधिक-उणे पाच टक्के’ लिहिलेली चूक प्रत्यक्षात बारा टक्क्यांच्या घरात असते.

उपाय सोपा, पण पायपीट वाढवणारा: शाळा जास्त, दर शाळेत मुले कमी. वीस-वीस मुले घेतली तर डिझाइन इफेक्ट १ + १९ × ०.०५ = १.९५. ३८५ × १.९५ म्हणजे ७५१. दहा टक्के फॉर्म मिळणार नाहीत असे धरले तर ७५१ ला ०.९ ने भागायचे. दहा टक्के मिळवायचे नाहीत, ही चूक मार्गदर्शकांच्याही हातून होते: मिळवले तर ८२६ आणि त्यातले दहा टक्के गळाले की ७४३ उरतात. भागले की ८३५. वीसने भागून ४२ शाळा. शाळा पटाच्या प्रमाणात निवडाव्यात आणि प्रत्येकीत हजेरीपटावरून वीस नावे चिठ्ठीने काढावीत, म्हणजे मोठ्या-लहान शाळेतल्या मुलांना सारखी संधी मिळते. कोरिलेशन ०.०५ का धरले, हे अहवालात लिहायलाच हवे. तशीच आधीची पाहणी असेल तर तिथला आकडा घ्यावा. नसेल तर ०.१० धरून काय होते तेही दाखवावे. तेव्हा दर शाळेत वीसच मुले घेतली तरी ३८५ ला २.९ ने गुणावे लागते.

आपल्याकडे आणखी एक मोह असतो: मराठी, कन्नड, उर्दू माध्यमांची तुलना. साध्या चिठ्ठीने घेतलेल्या ३८५ पैकी ९६ मुले मराठी माध्यमाची निघाली, तर त्यांच्यापुरती चूक दहा टक्के होते. प्रत्येक माध्यमाबद्दल पाच टक्क्यांच्या आत बोलायचे असेल तर वरचे सगळे गणित प्रत्येक माध्यमासाठी वेगळे करावे लागते. तेवढी ताकद नसेल तर तुलनाच करू नये.

आणि न मिळालेल्या फॉर्मबद्दल. खानापूर भागात भात लावणीच्या दिवसांत गैरहजर राहणारी मुले बहुधा शेतावर राबणाऱ्या घरांतली असतात आणि सकाळी काय खाल्ले या प्रश्नाला त्यांचे उत्तर वेगळे असू शकते. त्यांच्या जागी बाकावरचा दुसरा मुलगा घेतला की ८३५ चा आकडा पुरा भरतो, उत्तर मात्र चुकते. नावे तीच ठेवून पुढच्या आठवड्यात पुन्हा शाळेत जावे. तरीही जे भेटले नाहीत ते किती, हे शाळावार लिहावे.

आपला,
संख्याशास्त्राचा एक अध्यापक, बेळगाव