माईंच्या हातावरचा निळा तीळ

प्रिय शैला,

तुझा मेसेज आला तेव्हा मी नुसतं 'बघते' असं लिहिलं आणि सतरा दिवस गप्प बसले. रागावली असशील, आणि ते बरोबरच आहे. माझी कंबर ठीक आहे, शुगर ताब्यात आहे, तो विषय इथेच संपला. आता माईंच्या हाताबद्दल. तू लिहिलंस की त्यांच्या हातावरचा निळा ठिपका वर्षानुवर्षं आहे, पण आता जरा उंच वाटतोय.

तुझ्या हळदीचा तो फोटो आठवतो? तुझे डोळे मिटलेत म्हणून तू अल्बममधून काढून टाकलास, मी तो उचलून ठेवला, आणि त्यावरून आपण दोघी दोन दिवस बोललो नव्हतो. परवा कपाटातून तो शोधून काढला. माई तुझ्या गालाला हळद लावतायत, हिरव्या चुड्याच्या पुढे हाताची पाठ अगदी समोर आहे, आणि अनामिकेच्या मुळाशी तोच निळा-काळा ठिपका. १९९८ सालचा फोटो. ठिपक्याची रुंदी मी अनामिकेच्या नखाशी ताडून पाहिली, तर जेमतेम निम्मी भरते. मग तू पाठवलेला आताचा फोटो मोठा करून पाहिला. त्यातही निम्मीच. म्हणजे पाच मिलिमीटरच्या आसपास, तेव्हाही आणि आताही. तुझ्या त्या मिटलेल्या डोळ्यांवर आता एक शब्द ऐकून घेणार नाही मी.

एवढ्या मोजामोजीचं कारण सांगते. गुळगुळीत, घट्ट, निळसर-काळा, घुमटासारखा वर आलेला असा ठिपका दोन अगदी वेगळ्या गोष्टींचा असू शकतो. एक ब्लू नीव्हस. तो निरुपद्रवी तीळ, बहुतेक वेळा एक सेंटिमीटरच्या आतला. हाताची पाठ, पायाची पाठ, डोकं, कुल्ले या त्याच्या आवडत्या जागा. दुसरा नोड्युलर मेलानोमा, म्हणजे रंगपेशींचा कॅन्सर, तोही सगळ्यांत भराभर खोल जाणारा. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर दोन्ही जुळे भाऊ वाटतात.

रंगावरून फरक कळत नाही. आपल्या आज्यांच्या कपाळावरचं गोंदण आठव. आत घातलेली काजळी काळी, पण वरून गोंदण हिरवट-निळंच दिसायचं. काळा रंग कातडीत खोलवर असला की प्रकाशातला लाल भाग आत जाऊन शोषला जातो आणि निळा भाग विखरून परत येतो. ब्लू नीव्हसच्या रंगपेशी कातडीच्या खालच्या थरात असतात, म्हणून तो निळा. पण मेलानोमाची गाठही खोल उतरते, म्हणून तीही निळी. निळ्या रंगावरून एवढंच समजतं की रंग खोलवर आहे. घट्टपणाचंही तसंच. बोटाला दोन्ही कडक लागतात.

आणि तिळाबद्दल सगळीकडे सांगतात ते नियम, म्हणजे वेडावाकडा आकार, फाटक्या कडा, दोन-तीन रंग, सहा मिलिमीटरपेक्षा मोठा, ते इथे फसवतात. नोड्युलर मेलानोमा सुरुवातीला गोल, नीटस, एकरंगी आणि लहान असू शकतो. म्हणून त्याच्यासाठी वेगळे तीन प्रश्न विचारतात. वर आलाय का, घट्ट आहे का, आणि महिनाभरापेक्षा जास्त काळ वाढत चाललाय का? पहिल्या दोन प्रश्नांना ब्लू नीव्हसही 'हो' म्हणतो. सगळा भार तिसऱ्यावर.

तिथेच माणसं चुकतात, म्हणून मी तुझ्या 'वर्षानुवर्षं आहे' यावर विसंबले नाही. गेल्या महिन्यात माझ्याकडे तपासायला एक गृहस्थ आले, वय अठ्ठावन्न, पोटरीवर नऊ मिलिमीटरचा निळा-काळा घुमट. "लहानपणापासून आहे," म्हणाले. बायको शेजारून म्हणाली, "तो तीळ खाली होता हो, हा दिवाळीनंतर आला." खरंच, दोन बोटं खाली एक जुना तपकिरी तीळ होता. माणसाच्या आठवणीत दोन्ही एकच झाले होते. डर्मोस्कोप लावला, म्हणजे उजेड असलेलं भिंग. ब्लू नीव्हसमध्ये त्यातून सगळीकडे एकसारखा पोलादी निळा रंग दिसतो, शाईचा थेंब सांडावा तसा. ना जाळी, ना ठिपके, ना रक्तवाहिन्या. इथे निळ्यात काळे डाग मिसळलेले होते, एका कडेला दुधाळ लालसर पट्टा होता आणि टोकाला बारीकशी खपली. निळा आणि काळा एकत्र दिसले की आम्ही पुढे वाट पाहत नाही.

आख्खी गाठ काढली, भोवती दोन मिलिमीटर कातडी घेऊन आणि खाली चरबीपर्यंत. वरवर खरवडून काढली असती तर सर्वांत महत्त्वाचा आकडा हातचा गेला असता. मेलानोमा किती खोल गेलाय ते पॅथॉलॉजिस्ट मिलिमीटरमध्ये मोजतात, त्याला ब्रेस्लो जाडी म्हणतात, आणि पुढचे उपचार मुख्यतः त्यावर ठरतात. त्यांची २.३ निघाली. मग दोन सेंटिमीटर कड घेऊन दुसरी शस्त्रक्रिया, आणि जांघेतली पहिली लसीकाग्रंथी काढून तपासणी. हा प्रकार महिन्याला साधारण अर्धा मिलिमीटर आत जातो, म्हणून दिवाळीपासूनचा हिशेब मला बरोबर जुळला आणि रात्रभर झोप आली नाही. तेव्हाच तुझा मेसेज आला होता. आता कळलं का गप्प होते?

बंडूने 'लेसरने जाळून टाकू' म्हटलंय ना, त्याला माझं नाव सांगून थांबव. जाळलं की तपासायला काही उरत नाही. आणि काही रंगपेशी खाली राहिल्या, ठिपका परत उगवला, तर त्या व्रणातल्या पेशी साध्या तिळाच्या असूनही कॅन्सरसारख्या दिसतात. चुना लावायचा नाही, घोड्याचा केस बांधायचा नाही. चामखीळ नाहीये ती.

तू लिहिलंस की आता जरा उंच वाटतोय. याने मी अडून बसलेय. फोटोत रुंदी मोजता येते, उंची येत नाही. वयाने हाताच्या पाठीवरची चरबी झडते, कातडी पातळ होते, शिरा उठून दिसतात, तसा तीळही उठून दिसू शकतो. तसंच असावं असं मला वाटतं, पण फोटोवरून मी ते ठरवणार नाही. माईंना त्वचारोगतज्ज्ञाकडे ने, डर्मोस्कोप वापरणाऱ्याकडेच, आणि हळदीच्या फोटोची प्रत सोबत ने, मी आजच पाठवते. डर्मोस्कोपमधून एकसारखा निळा दिसला तर त्याला हात लावायची गरज नाही. डर्मोस्कोपमधला फोटो काढून ठेवायला सांग आणि तीन महिन्यांनी पुन्हा ताडून बघा. दुसरा रंग दिसला, किंवा उंची खरंच वाढली असं ठरलं, तर आख्खा काढायचा. जागा भूल देऊन वीस-पंचवीस मिनिटांचं काम आहे.

काढला तर लॅबच्या कागदावर 'निळा तीळ, १९९८ पासून फोटोत तेवढाच' असं स्वच्छ लिहून घे. या तिळात रंग इतका दाट असतो की पेशींची केंद्रकं झाकली जातात. पॅथॉलॉजिस्टना आधी रंग उडवून घ्यावा लागतो, मग पेशी विभागतायत का ते दिसतं. मेलानोमाचा म्हणून जो एचएमबी-४५ रंग लावतात, तो साध्या ब्लू नीव्हसलाही भरभरून लागतो. तेवढाच शब्द रिपोर्टमध्ये वाचून घाबरू नकोस, पूर्ण पान मला पाठव.

ओंकारला नोकरी लागली हे तुझ्या स्टेटसवरून कळलं, त्याला शाबासकी. नव्या घराचं गळणं थांबलं का?

आज संध्याकाळी खिडकीपाशी, उन्हात नाही, माईंच्या हाताचे दोन फोटो काढ. एक सरळ वरून, शेजारी पट्टी ठेवून, आणि एक बाजूने, हात टेबलावर सपाट ठेवून. सोमवारची वेळ मिळाली की कळव. मी फोन जवळच ठेवते.

तुझी,
मंदा